नसबंदीनंतर चार वर्षांनी अंगावरून इतके जाऊ लागले : ऑपरेशनचा संबंध असू शकतो का?

वैजयंती_मुलुंड | सोमवार, रात्री 10:52

माझे वय 41 आहे. दोन मुले आहेत, धाकटी आता 10 वर्षांची आहे. जानेवारी 2020 मध्ये मी दुर्बिणीतून बिनटाक्याचे ऑपरेशन करून घेतले. ऑपरेशन सकाळी झाले, संध्याकाळी मी घरी आले आणि त्याचा त्रास असा काहीच झाला नाही. मात्र त्यानंतरच्या दोन-तीन महिन्यांतच पाळी वाढली. पूर्वी तीन-चार दिवसांत सगळे आटोपायचे, ते सहा दिवस चालू लागले. गेल्या सप्टेंबरपासून तर आठ-नऊ दिवस जाते, दुसऱ्या दिवशी गाठी पडतात आणि पोटात इतके दुखते की मुलुंडहून लोअर परळच्या कार्यालयात जाताना लोकलमध्ये उभे राहणे अशक्य होते. गेल्या महिन्यात हिमोग्लोबिन 8.2 निघाले.

सोनोग्राफीच्या अहवालात पिशवी आकाराने मोठी झाली आहे, मागची भिंत जाड आहे, भिंतीत 1.5 सेंटीमीटरची एक फायब्रॉइडची गाठ आहे आणि अस्तर 13 मिलिमीटर आहे, असे लिहिले आहे. ज्या डॉक्टरांना दाखवले त्यांनी अहवाल पाहून दोन मिनिटांत सांगितले की नसबंदी झालेलीच आहे, पिशवीचे काही काम उरलेले नाही, काढून टाका. काढायची नसेल तर अस्तर जाळून घ्या. माझ्या जाऊबाईंचे म्हणणे आहे की नळ्या बांधल्या की असेच होते, त्यांच्या माहेरी तिघींना झाले. मला एवढेच समजून घ्यायचे आहे की हे ऑपरेशनमुळे झाले का. तसे असेल तर दुसरे ऑपरेशन करताना मी दहा वेळा विचार करीन.

अर्चना_बोरिवली | सोमवार, रात्री 11:30

वैजयंतीताई, तुमच्या जाऊबाई बरोबर सांगत आहेत. नळीला लागूनच बीजकोशाला रक्त पुरवणारी वाहिनी जाते. नळीला रिंग लावली किंवा नळी कापली की ती वाहिनी दबते, बीजकोशाला रक्त कमी मिळते, हार्मोन बिघडतात आणि पाळी वाढते. माझ्या मावशीला त्यांच्या डॉक्टरांनी हेच कारण चित्र काढून दाखवले होते. यावर उपाय नसतो, पाळी जाईपर्यंत सोसावे लागते.

सदानंद_कळवा | मंगळवार, सकाळी 7:15

माझ्या पत्नीचेही तीन वर्षांपूर्वी हेच ऑपरेशन झाले आहे. तिची पाळी 12 दिवस लांबली आहे आणि काल थोडेसे लाल दिसले. म्हणजे ऑपरेशनमुळे पाळी बंद होते, असे येथे म्हणायचे आहे का? तसे असेल तर काळजीचे कारण नाही ना?

चाफा | मंगळवार, सकाळी 8:05

मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. मुंबईतल्या सार्वजनिक रुग्णालयात तीस वर्षे काम करून निवृत्त झाले. वैजयंतीताईंचा प्रश्न सविस्तर उत्तराचा आहे, पण आधी सदानंदरावांना लिहिते, कारण त्यांचे काम आजच व्हायला हवे.

सदानंदराव, येथे पाळी वाढण्याविषयी चर्चा चालली आहे, पाळी बंद होण्याविषयी नाही. नळ्या बांधल्याने पाळी बंद होत नाही. तुमच्या पत्नीची पाळी लांबली असेल आणि त्यात थोडे लाल दिसत असेल, तर आज सकाळीच लघवीची गर्भचाचणी करा. ऑपरेशन झाले आहे म्हणून चाचणी कशाला, असा विचार करू नका. अमेरिकेत नसबंदीनंतर 10,685 स्त्रियांची वर्षानुवर्षे नोंद ठेवली गेली, त्यांत 143 जणींना दिवस राहिले आणि त्यांपैकी जवळपास एक तृतीयांश गर्भ पिशवीबाहेर होते. बांधलेल्या नळीत गर्भ अडकणे हा जिवावरचा प्रसंग असतो. चाचणी सकारात्मक आली, किंवा एका बाजूला दुखत असेल, चक्कर येत असेल, तर चाचणीची वाटही न पाहता थेट रुग्णालय गाठा.

चाफा | मंगळवार, सकाळी 8:40

आता वैजयंतीताई. तुम्ही वेळ नेमकी सांगितली आहे, पण एक गोष्ट राहून गेली आहे, आणि माझ्या अनुभवात दहापैकी निम्म्या जणी ती सांगत नाहीत, कारण ती औषध वाटतच नाही. धाकट्या मुलीच्या जन्मानंतर आणि ऑपरेशनच्या आधी तुम्ही पाळणा लांबवण्यासाठी काय वापरत होता? गोळ्या, कॉपर-टी, इंजेक्शन की काहीच नाही? आणि पहिल्या बाळंतपणाच्या आधी, म्हणजे लग्नानंतरच्या पहिल्या वर्षात, पाळी किती दिवस चालायची?

वैजयंती_मुलुंड | मंगळवार, रात्री 9:20

गोळ्या घेत होते. 2015 पासून ऑपरेशनपर्यंत, म्हणजे पाच वर्षे. ऑपरेशननंतर महिन्याभराने पाकीट संपले आणि ते पुन्हा आणले नाही. याचा संबंध असेल असे मनातही आले नव्हते.

लग्नानंतरची पाळी मला आठवत नाही, पण मी कालनिर्णयवर दुधाचा हिशेब लिहिते आणि त्याच चौकटीत पाळीच्या दिवशी लाल ठिपका देते. जुनी कालनिर्णये माळ्यावर दोरीने बांधून ठेवलेली आहेत, रविवारी काढून पाहते.

अर्चना_बोरिवली | मंगळवार, रात्री 10:02

गोळ्या चार वर्षांपूर्वी बंद केल्या, त्यांचा परिणाम आत्तापर्यंत कसा राहील? रक्तपुरवठ्याच्या कारणाबद्दल चाफाताई काही बोलल्या नाहीत.

चाफा | बुधवार, सकाळी 8:10

अर्चनाताई, तुमच्या मावशीच्या डॉक्टरांनी काढलेले चित्र चुकीचे नाही, अर्धवट आहे. नळीच्या खालच्या पडद्यातून एक लहान वाहिनी जाते, हे खरे. पण बीजकोशाचा मुख्य पुरवठा थेट महाधमनीतून, वेगळ्या बंधाच्या आधाराने, बाहेरच्या बाजूने येतो, आणि रिंग लावताना त्याला हात लागत नाही. रिंग म्हणजे रबरासारखा लहानसा वेढा असतो. त्यात नळीची दोन-तीन सेंटीमीटरची दुमड आवळली जाते, बाकीची नळी जागच्या जागी राहते.

तरीही ही शंका बिनबुडाची नव्हती. नसबंदीनंतर पाळी वाढते, असे 1951 पासून डॉक्टरांच्या लेखनात येत आहे, आणि पुढची पन्नास वर्षे दोन्ही बाजूंनी वाद चालला. तो बराचसा मिटला 2000 साली. वर सांगितलेल्या अमेरिकी नोंदीतूनच नसबंदी केलेल्या 9,514 स्त्रियांची तुलना, ज्यांच्या पतींनी नसबंदी करून घेतली होती अशा 573 स्त्रियांशी केली गेली. ही तुलना मला आवडते, कारण दोन्ही गटांतल्या जोडप्यांचा निर्णय एकच होता, फक्त शस्त्रक्रिया कोणाच्या अंगावर झाली एवढाच फरक होता. पाच वर्षांपर्यंत पाहूनही नसबंदी झालेल्या स्त्रियांत रक्तस्राव वाढलेला दिसला नाही. उलट रक्तस्रावाचे दिवस, प्रमाण आणि दुखणे कमी झाल्याचे सांगणाऱ्या त्यांच्यात थोड्या जास्त होत्या. एक गोष्ट मात्र त्यांच्या विरुद्ध गेली : पाळीचे चक्र अनियमित झाल्याचे त्यांनी अधिक वेळा सांगितले. त्याचे समाधानकारक स्पष्टीकरण माझ्या वाचनात आलेले नाही आणि मी ते ओढूनताणून देणार नाही.

मग घरोघरी हा समज कशाने टिकला? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019–21 च्या फेरीत महाराष्ट्रातील जवळपास निम्म्या विवाहित स्त्रियांची नसबंदी झालेली आढळली. चाळिशीत पाळी वाढणे हे पुष्कळ जणींच्या वाट्याला येतेच. तेव्हा पाळी वाढलेल्या कोणत्याही दहा जणींना विचारले, तर चार-पाच जणी ऑपरेशन झालेल्या निघणारच. माहेरच्या तिघींची गोष्ट अशीच तयार होते.

आता गोळ्या. गोळीचा परिणाम चार वर्षे राहत नाही. एखाद-दोन महिन्यांत तो जातो, आणि मुद्दा नेमका तोच आहे. गोळी चालू असताना पिशवीचे अस्तर पातळ राहते, म्हणून पाकिटाच्या शेवटी येणारी पाळी थोडी असते. ती तुमची स्वतःची पाळी नसतेच. पाच वर्षे तीन-चार दिवसांची सवय झाली की बाईला तेच मूळ माप वाटू लागते. गोळी थांबली, मूळ पाळी परत आली, आणि तिचे खापर त्याच सुमारास झालेल्या ऑपरेशनवर फुटले. अशा पाकिटात शेवटच्या सात गोळ्या बहुधा लोहाच्या असतात, तेवढे लोहही बंद झाले. कॉपर-टी काढून नसबंदी करणाऱ्यांचा अनुभव याच्या नेमका उलट असतो. त्यांची पाळी ऑपरेशननंतर कमी होते, आणि त्या ऑपरेशनला दुवा देतात. तेही तितकेच चुकीचे आहे.

मंदा_परळ | बुधवार, दुपारी 2:45

चाफाताई, आदर ठेवून लिहिते. मी कधी गोळी घेतली नाही, कॉपर-टी बसवली नाही. दुसऱ्या सिझेरियनच्या वेळीच नळ्या बांधल्या, तेव्हा मी 28 वर्षांची होते, आणि दूध तुटल्यावर पाळी आली ती पहिल्यापेक्षा दुप्पट. सोनोग्राफी दोनदा केली, थायरॉइड तपासले, काही सापडले नाही. आता मी 36 ची आहे. हजारो स्त्रियांच्या सरासरीत माझी पाळी बसत नसेल तर मी खोटे बोलते आहे असे समजायचे का?

चाफा | बुधवार, रात्री 9:30

मंदाताई, तुम्ही खोटे बोलता असे मी कसे म्हणेन? सरासरी एका बाईचे निदान करीत नाही. मात्र तुमच्या बाबतीत ऑपरेशन, सिझेरियन आणि दुसरे बाळंतपण या तिन्ही गोष्टी एकाच दिवशी झाल्या, त्यामुळे त्यांतली कोणती कारणीभूत आहे हे वेळेवरून ठरवता येत नाही. सिझेरियनच्या जुन्या व्रणाच्या जागी कधी कधी खळगा राहतो आणि त्यात रक्त साचून पाळीनंतर बरेच दिवस काळपट थेंब जात राहतात. तुमचे रक्त एकदम जास्त जाते की असे लांबत राहते? शिवाय किशोरवयापासून जखम झाली की रक्त लवकर थांबत नाही, दात काढल्यावर खूप वाहिले, असे काही असेल तर रक्त गोठण्याची तपासणी व्हायला हवी. ती आपल्याकडे फार क्वचित होते.

मंदा_परळ | बुधवार, रात्री 10:15

एकदम जास्त जाते. अक्कलदाढ काढली होती तेव्हा रात्रभर कापूस बदलत होते, हे खरे आहे. पण याचा पाळीशी संबंध कोणी जोडला नव्हता.

वैजयंती_मुलुंड | रविवार, सायंकाळी 6:30

माळ्यावरून कालनिर्णये काढली. 2009 सालच्या पानांवर दर महिन्याला सहा किंवा सात ठिपके आहेत. 2017 मध्ये तीन, क्वचित चार. 2020 च्या जानेवारी-फेब्रुवारीतही तीन, एप्रिलपासून सहा. एप्रिल मला चांगला आठवतो, कारण लॉकडाऊनमध्ये नाक्यावरच्या मेडिकलमधले पॅड संपले होते आणि मी जुन्या सुती साड्या फाडल्या होत्या. 2021 आणि 2022 मध्ये सहा, एखाद्या महिन्यात सात. म्हणजे चाफाताई म्हणतात तसे, माझी पाळी 2009 ला होती तिथेच परत आली होती. आईला फोन केला, तर ती म्हणाली की कॉलेजात असताना दुसऱ्या दिवशी तू घरीच बसायचीस, विसरलीस का?

पण 2023 च्या सप्टेंबरपासून आठ, नऊ, आठ, नऊ. आणि नोव्हेंबरपासून मी ठिपक्याभोवती गोल काढलेला आहे, दुखण्याची खूण म्हणून.

चाफा | सोमवार, सकाळी 8:00

कालनिर्णयाने तुमच्या प्रश्नाचे दोन तुकडे केले. 2020 ची पायरी गोळ्या थांबल्याची आहे. 2023 ची पायरी वेगळी आहे, ती ऑपरेशननंतर साडेतीन वर्षांनी आली, दुखणे बरोबर घेऊन आली, आणि तिचे कारण शोधायचे आहे. नळीवरची रिंग साडेतीन वर्षे गप्प बसून मग पाळी वाढवत नाही.

तुमच्या अहवालातले वाचकांच्या नजरेत भरते ते फायब्रॉइड. मला ते फारसे दोषी वाटत नाही, कारण 1.5 सेंटीमीटरची गाठ भिंतीच्या मध्यात असेल आणि आतल्या पोकळीला टेकत नसेल, तर ती बहुधा नुसती शेजारीण असते. पोकळीत डोकावणारी याहून लहान गाठसुद्धा भरपूर रक्त घालवू शकते, म्हणून गाठ किती मोठी यापेक्षा ती कुठे आहे हे अहवालात लिहून घ्या. अस्तर 13 मिलिमीटर हा आकडाही पाळी चालू असलेल्या बाईत एकट्याने काही सांगत नाही. सोनोग्राफी पाळीच्या कितव्या दिवशी केली ते पाहा. विसाव्या दिवशी इतके अस्तर अगदी नेहमीचे असते.

माझे लक्ष जाते ते मागच्या जाड भिंतीकडे. वाढलेली पिशवी, एकाच बाजूची जाड भिंत, चाळिशीचे वय, दोन बाळंतपणे, आणि रक्ताबरोबर वाढत गेलेले दुखणे, हे चित्र अ‍ॅडिनोमायोसिसचे असू शकते. त्यात अस्तराच्या पेशी पिशवीच्या स्नायूत घुसून तिथेच दर महिन्याला फुगतात. गोळ्या या आजारालाही दाबून ठेवतात, त्यामुळे त्याची सुरुवात 2023 मध्येच झाली की तो आधीपासून झाकलेला होता, हे आता कोणालाच सांगता येणार नाही.

दोन कामे करा. वय 40 च्या पुढे आहे आणि पाळीचे रूप बदलले आहे, म्हणून अस्तराचा तुकडा तपासून घेतल्याशिवाय कोणत्याही उपायाला हो म्हणू नका. बारीक नळीने तो बाह्यरुग्ण विभागात काही मिनिटांत घेता येतो; जोराची कळ येते, पण भूल लागत नाही. दुसरे, येत्या पाळीत गुण मोजा. थोड्या डागाळलेल्या पॅडला 1, अर्धवट भिजलेल्याला 5, पूर्ण भिजलेल्याला 20. लहान नाण्याएवढ्या गाठीला 1, मोठ्या नाण्याएवढ्या गाठीला 5. बेरीज 100 च्या वर गेली तर रक्तस्राव खरोखर जास्त आहे असे मानतात. ही पद्धत 1990 ची आहे आणि ती लिहिणाऱ्यांचे पॅड आपल्या आजच्या पॅडसारखे नव्हते, त्यामुळे आकडा अंदाजाचाच. पण एकच बाई एकाच तऱ्हेचे पॅड वापरून उपचाराआधी आणि नंतर मोजेल, तर फरक नीट कळतो.

रेवती_वसई | सोमवार, दुपारी 1:10

मी हा धागा पहिल्या दिवसापासून वाचते आहे आणि वैजयंतीताईंना अस्तर जाळण्याचा पर्याय सांगितला गेला आहे, हे वाचून लिहायला बसले. माझी नसबंदी 30 व्या वर्षी झाली. 42 व्या वर्षी रक्तस्राव वाढला म्हणून फुग्याची पद्धत वापरून अस्तर जाळले. पिशवीत फुगा ठेवतात, त्यात गरम द्रव भरतात आणि आठ मिनिटे ठेवतात. पहिली दोन वर्षे स्वर्ग होता, महिन्याला दोन थेंब. तिसऱ्या वर्षी दर महिन्याला ठरावीक तारखेला दोन्ही बाजूंना, जांघेच्या वर, कोणी आतून पिळत आहे अशी कळ येऊ लागली. तीन दिवस टिकायची आणि त्या काळात अंगावरून जवळजवळ काहीच जायचे नाही, म्हणून पाळीचे नावही कोणी घेतले नाही. गॅस झाला, मूतखडा झाला, मणक्याचे फोटो झाले. दीड वर्षाने एमआरआय केला तेव्हा पिशवीच्या दोन्ही कोपऱ्यांत साठलेले रक्त आणि फुगलेल्या नळ्यांची सुरुवात दिसली. शेवटी पिशवी आणि नळ्या काढल्या, तेव्हा मोकळी झाले.

माझ्या प्रकरणात तरी ऑपरेशनचा संबंध होता ना, चाफाताई?

चाफा | सोमवार, रात्री 9:45

होता, आणि सरळ होता. तुमच्या शस्त्रक्रिया दोन होत्या आणि त्रास त्या दोन्हींच्या जोडीतून झाला. फुग्याची उष्णता पिशवीच्या कोपऱ्यांत, नळ्या सुटतात तिथे, सर्वांत कमी पोहोचते, आणि तिथले थोडे अस्तर वाचते. बाकी पोकळी व्रणांनी चिकटून जाते. वाचलेले अस्तर दर महिन्याला रक्त सोडते, पण खाली वाट बंद असते आणि वर नळीही बांधलेली असते. रक्त कोंडते आणि नळीचे टोक ताणले जाते. याचे वर्णन 1993 पासून उपलब्ध आहे, तरीही तुम्हाला दीड वर्ष फिरावे लागले, कारण रक्त दिसत नाही आणि डॉक्टर पाळी जाळून संपली असे धरून चालतात. ज्यांनी दोन्ही केले आहे त्यांनी दुखण्याच्या तारखा लिहून ठेवाव्यात. महिन्याच्या महिन्याला तेच दिवस येत असतील, तर तपासणी त्या दुखऱ्या दिवसांतच करून घ्यावी, कारण मधल्या दिवसांत कोपरे रिकामे दिसू शकतात.

वैजयंतीताई, म्हणूनच तुमच्या बाबतीत जाळण्याचा पर्याय मला पहिला वाटत नाही. नसबंदी झालेली आहे, वय 45 च्या आत आहे, पाळीत दुखते आहे आणि अ‍ॅडिनोमायोसिसची शंका आहे. यांतले प्रत्येक कारण जाळण्याचा उपयोग टिकण्याची शक्यता कमी करते, कारण स्नायूत खोल घुसलेल्या पेशींपर्यंत उष्णता जात नाही. शिवाय पुढे कधी रक्तस्राव झाला तर चिकटलेल्या पोकळीतून तपासणीचा तुकडा मिळणे अवघड होते, आणि म्हणून ज्यांनी अस्तर जाळले आहे त्यांनी नव्याने सुरू झालेला रक्तस्राव कधीही अंगावर काढू नये.

पिशवी काढण्याबद्दल एवढेच सांगते की नसबंदी झालेल्या बाईला हा सल्ला लवकर दिला जातो. ते कारण वैद्यकीय नाही, ‘आता काय काम तिचे’ हे आहे.

अर्चना_बोरिवली | मंगळवार, सकाळी 11:20

मग मधला उपाय कोणता? नसबंदी झाल्यावर गोळ्या किंवा कॉपर-टी कोण घेणार, ती तर मूल न होण्यासाठी असते.

चाफा | मंगळवार, रात्री 8:50

अर्चनाताई, नेमकी हीच समजूत मध्ये येते. एक लहान साधन कॉपर-टीसारखेच पिशवीत बसवतात, पण त्यात तांबे नसून 52 मिलिग्रॅम हार्मोन असते आणि ते रोज अगदी थोडे थोडे अस्तरावर सोडले जाते. मूल थांबवण्याची गरज उरलेली नसली तरी रक्तस्राव आणि दुखणे यांसाठी ते वापरतात, आणि अ‍ॅडिनोमायोसिसमध्ये त्याचा चांगला उपयोग होतो. पहिले तीन ते सहा महिने अधूनमधून डाग पडत राहतात, पुष्कळ जणी याच काळात वैतागून काढून घेतात. पिशवी फार मोठी असेल तर ते निसटूनही पडते. तोवर पाळीच्या दिवसांपुरत्या ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिडच्या गोळ्या असतात, मात्र पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गुठळी झालेली असेल तर त्या चालत नाहीत, म्हणून दुकानातून परस्पर आणू नयेत. आणि हिमोग्लोबिन 8.2 असताना लोह आजच सुरू व्हायला हवे, निदानासाठी थांबण्याचे कारण नाही.

सदानंद_कळवा | बुधवार, सकाळी 7:40

उशिरा कळवतो, क्षमस्व. त्या मंगळवारी चाचणी नकारात्मक आली होती. डॉक्टरांनी आठवड्याने पुन्हा करायला सांगितली, तीही नकारात्मक आली आणि पाळीही सुरू झाली. चाचणी करताना पत्नी माझ्यावर रागावली होती, नंतर तिनेच हा धागा वाचला.

वैजयंती_मुलुंड | तीन आठवड्यांनंतर, शनिवार, दुपारी 4:15

गुण मोजले. पहिल्या दिवशी अर्धवट भिजलेले तीन पॅड, म्हणजे 15. दुसऱ्या दिवशी पूर्ण भिजलेले पाच, अर्धवट दोन आणि मोठ्या गाठी दोन, म्हणजे 120. तिसऱ्या दिवशी पूर्ण चार, अर्धवट दोन, मोठी गाठ एक, म्हणजे 95. चौथ्या दिवशी 35, पाचव्या दिवशी 15, आणि पुढच्या दोन दिवसांचे मिळून 5. एकूण 285. कार्यालयाच्या स्वच्छतागृहात भ्रमणध्वनीवर टिपून ठेवताना विचित्र वाटत होते, पण दुसऱ्या डॉक्टरांना हा कागद आणि 2009, 2017, 2020, 2023 अशी चार कालनिर्णये दाखवली तेव्हा त्यांनी वीस मिनिटे दिली. कालनिर्णये कोणी दवाखान्यात आणलेली त्यांनी पहिल्यांदाच पाहिली.

पुन्हा सोनोग्राफी झाली, यावेळी आतून. मागची भिंत 3.1 सेंटीमीटर, पुढची 1.7, आणि गाठ पोकळीपासून दूर आहे. त्यांनीही अ‍ॅडिनोमायोसिसच म्हटले. अस्तराच्या तुकड्यात कर्करोगाचे किंवा त्याच्या आधीच्या बदलांचे काही आढळले नाही. हार्मोनचे साधन पुढच्या पाळीच्या पाचव्या दिवशी बसवायचे ठरले आहे. ते सहा महिन्यांत उपयोगी पडले नाही तर पिशवीचा विचार करू, असे त्या म्हणाल्या, आणि मलाही ते पटले. जाऊबाईंना अजून पटलेले नाही. त्यांचे म्हणणे असे की ऑपरेशन केले नसते तर गोळ्या बंदच केल्या नसत्या, मग दोष ऑपरेशनचाच.

चाफा | शनिवार, रात्री 9:10

जाऊबाईंचा युक्तिवाद अगदीच टाकाऊ नाही. पण 41 व्या वर्षी गोळ्या चालू ठेवायच्या तर रक्तदाब आणि तंबाखू-मिश्री यांची चौकशी करावी लागली असती, तेव्हा त्या कधी ना कधी थांबल्याच असत्या. साधन बसवल्यानंतर चौथ्या आणि सातव्या महिन्यात पुन्हा गुण मोजा आणि येथे लिहा.

मंदाताई, रक्त गोठण्याची तपासणी झाली का?

मंदा_परळ | रविवार, सकाळी 10:30

तपासणी केली, अहवाल सीमेवर आला आहे, महिन्याभराने पुन्हा करायला सांगितली आहे. ऑपरेशनच्या आधीची पाळी खरोखर किती होती, हे मलाही आता पक्के सांगता येत नाही. आमच्याकडेही कालनिर्णयवर ठिपके देत असू, पण वर्ष संपले की सासूबाई ती पाने फडताळात डब्यांखाली अंथरायच्या. काल एक डबा उचलून पाहिला, 2014 चा मार्च निघाला, त्यात फक्त दुधाचा हिशेब आहे.